वरचा रॅक, खालचा रॅक आणि नोंदवही : हॉटेलच्या कोल्ड रूमची शिस्त

रात्री साडेअकराला शेवटची ऑर्डर गेली की हॉटेलच्या किचनमध्ये एकच घाई सुरू होते. उरलेलं सगळं कोल्ड रूममध्ये ढकलायचं, ओटे धुवायचे आणि शटर ओढायचं. त्या घाईत दुसऱ्या दिवसासाठी करून ठेवलेल्या रश्श्याचा वीस लिटरचा टोप झाकण लावून सरळ आत जातो. कोल्ड रूमच्या दारावरचा आकडा तेव्हा ४ दाखवत असतो, सकाळीही ४ किंवा ५ दाखवतो, नोंदवहीत तोच आकडा लिहिला जातो आणि सगळं ठीक आहे असं सगळ्यांना वाटतं. त्या टोपाच्या मधोमध प्रोब थर्मामीटर घातला तर मात्र सकाळी आठलासुद्धा पंधरा-वीस अंश सहज निघतात.

हा लेख अशा एका मध्यम आकाराच्या, शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही पदार्थ देणाऱ्या हॉटेलसाठी आहे. आठ बाय आठ फुटांची वॉक-इन कोल्ड रूम, चार रॅक, दारासमोरच्या भिंतीवर वर लावलेलं फॅनचं युनिट, यंत्राची क्षमता एक टन. अशी खोली महाराष्ट्रातल्या असंख्य किचनमध्ये आहे, आणि तिच्या वापरातल्या चुकाही सगळीकडे बहुतेक सारख्याच आहेत.

आधी तो टोपच बघू. ८५ अंशांवरचा वीस लिटर रस्सा ५ अंशांवर आणायचा, तर त्यातून साधारण ६,४०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक टनाचं यंत्र सेकंदाला सुमारे साडेतीन किलोज्यूल काढतं. म्हणजे दुसरं काहीही न करता अर्धा तास पूर्ण ताकदीने चालल्यावर एवढी उष्णता बाहेर जाईल. हे यंत्राला झेपण्यासारखं आहे, पण उष्णता टोपाबाहेर निघायला तर हवी. दाट रस्सा, जाड बुडाचा टोप, वर झाकण, यामुळे मधली उष्णता काठापर्यंत यायलाच तासन् तास लागतात. खोलीची हवा थोडी तापून पुन्हा गार होते आणि टोपाचं पोट कोमटच राहतं. कोल्ड रूम ही आधीच गार असलेला माल गार ठेवण्याच्या हिशोबाने बसवलेली असते, आणि दारावरच्या आकड्याला टोपाच्या पोटातलं काहीही कळत नाही.

त्या कोमट पोटात काय होतं, हे ठाऊक असलेलं बरं. मटणाच्या आणि चिकनच्या रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जिवाणू असू शकतो. त्याचे बीजाणू उकळीलाही मरत नाहीत. रस्सा पन्नास अंशांच्या खाली आला की ते रुजतात, आणि चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास दहा-पंधरा मिनिटांत दुप्पट होत जातात. शिजवलेल्या भातात हेच काम बॅसिलस सेरियस करतो. त्याचं उलटी घडवणारं विष तर भात पुन्हा कडकडीत गरम केला तरी नष्ट होत नाही. म्हणून ‘सकाळी उकळी काढू’ हा उपाय पुरा पडत नाही.

अमेरिकेच्या फूड कोडमध्ये शिजलेलं अन्न गार करायला दोन टप्पे दिले आहेत. ५७ अंशांवरून २१ पर्यंत दोन तासांत, आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत. पहिला टप्पा कडक आहे, कारण जिवाणू सगळ्यात वेगाने वाढतात ते याच पट्ट्यात. माझ्या मते आपल्या हवेत दुसऱ्या टप्प्यालाही दोनच तास धरावेत. ब्लास्ट चिलर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर टोप सिंकमध्ये बर्फ-पाण्यात बसवावा, रस्सा स्वच्छ पळीने ढवळत राहावा, आणि वाफ बसली की उथळ स्टीलच्या ट्रेंमध्ये ओतावा. ट्रेमधला थर पाच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोन बोटांच्या पेरांपेक्षा, जाड नको. वीस लिटर रश्श्याला असे चार-पाच मोठे ट्रे लागतात. ते एकावर एक न रचता, वरून सैल झाकून, रॅकवर सुटे ठेवावेत आणि पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकावेत. या कामाला अर्धा-पाऊण तास लागतो. तो रात्री साडेअकराला मिळणार नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवसाचा रस्सा दुपारच्या सर्व्हिसनंतर करावा, म्हणजे गार करायला हात आणि वेळ दोन्ही असतात.

आता तो ट्रे ठेवायचा कुठे, याकडे येऊ. ‘वर शिजलेलं, खाली कच्चं’ हे वाक्य प्रत्येक किचनमध्ये माहीत असतं आणि तरीही घोटाळा होतो, कारण शिजलेलं आणि कच्चं ही विभागणीच अपुरी आहे. विचारायचा प्रश्न असा : हा पदार्थ ग्राहकाच्या ताटात जाण्याआधी पुन्हा चुलीवर चढणार आहे का? पुदिन्याची चटणी कच्ची आहे, पण ती पुन्हा शिजणार नाही. चिरलेला कांदा, काकडी, रायतं, श्रीखंड, क्रीम, सोलकढी, कापलेलं फळ यांचंही तसंच. यांच्यावर कच्च्या चिकनच्या पाण्याचा एक थेंब पडला तर त्यानंतर तो थेंब निकामी करणारी कुठलीच पायरी उरत नाही. म्हणून अशा सगळ्या वस्तूंची जागा शिजलेल्या पदार्थांबरोबर, सगळ्यात वर. उलट, तंदूरसाठी अर्धवट भाजून ठेवलेलं चिकन शिजलेलं दिसतं, पण ते कच्च्यातच धरायचं.

सगळ्यात जास्त चूक होते ती मॅरिनेट केलेल्या चिकनच्या बाबतीत. तंदूरवाल्याला ते सर्व्हिसच्या वेळी पटकन हाताशी हवं असतं, म्हणून डबा दाराजवळ, छातीच्या उंचीवर ठेवला जातो. दही आणि मसाल्याचं लाल पाणी डब्याच्या काठावरून ओघळतं आणि खालच्या फळीवर त्याच तंदूरची हिरवी चटणी असते. या डब्याला खालच्या फळीवरच, खोल ट्रेमध्ये जागा द्यावी आणि तंदूरवाल्याला सर्व्हिसपुरता माल त्याच्या अंडर-काउंटर फ्रीजमध्ये काढून द्यावा. हाताशी हवं हा त्याचा मुद्दा खरा आहे. तो नुसत्या दमदाटीने सुटत नाही, पर्याय द्यावा लागतो.

कच्च्या मालातही आपापसांत क्रम असतो, आणि तो ठरतो पदार्थ किती तापमानाला शिजवावा लागतो यावरून. अखंड मासे आणि मटणाचे तुकडे ६३ अंशांना सुरक्षित धरले जातात. खिम्यात पृष्ठभागावरचे जिवाणू दळताना आतपर्यंत मिसळलेले असतात, त्यामुळे त्याला जास्त, म्हणजे ६८ अंश लागतात. चिकनला ७४. ज्याला जास्त उष्णता लागते ते खाली. एकाच रॅकवर सगळं ठेवायची वेळ आली तर वरून खाली क्रम असा लागेल : खाण्यास तयार पदार्थ, मग मासे, मग मटण, मग खिमा आणि अंडी, आणि तळाला चिकन. याचा फायदा असा की मटणाचं पाणी खालच्या चिकनवर गळलं तरी ते चिकन मटणाच्या गरजेहून जास्तच शिजणार असतं. उलटं झालं आणि चिकनमधला साल्मोनेला वरून माशावर गळला, तर मासा जेवढा शिजवला जातो तेवढ्याने तो मरेलच असं नाही. खालची फळीसुद्धा जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर वर हवी, म्हणजे खाली पोछा फिरतो आणि धुण्याचं पाणी मालावर उडत नाही.

माशांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण कोकण-गोव्याच्या हॉटेलांत हा रोजचा माल आहे. बांगडा, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा कोमट राहिला तर जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. मग तो मासा खाल्लेल्या माणसाचा चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांध्या उठतात, आणि सगळ्यांना वाटतं की त्याला माशाची ॲलर्जी आहे. हिस्टामिन तळून किंवा उकळून जात नाही, आणि वासावरूनही नेहमी कळत नाही. त्यामुळे बांगड्याला कोल्ड रूमचे चार अंश पुरेसे समजू नयेत. जाळीच्या ट्रेमध्ये मासा, वर-खाली बर्फाचा चुरा, आणि त्याखाली पाणी साठायला दुसरा बंद ट्रे अशी मांडणी करावी. वितळलेल्या पाण्यात मासा बुडून राहता कामा नये. ते पाणी रोज दोनदा ओतून टाकावं. आणि वरचा मासळीचा ट्रे खालच्या मटणावर गळत नाही ना, हे हात लावून बघावं.

चार रॅक असताना खरं तर एकाच रॅकवर सगळं रचायची गरज नाही. शाकाहारी आणि मांसाहारी माल वेगळा ठेवणं हे एफएसएसएआयच्या नियमांतही अपेक्षित आहे. एक रॅक खाण्यास तयार पदार्थांना, एक दूध-पनीर आणि शाकाहारी तयारीला, एक कच्च्या भाज्यांना, आणि एक कच्च्या मांसाहारी मालाला दिला की उभ्या क्रमाची काळजी फक्त शेवटच्या रॅकपुरती उरते. खाण्यास तयार पदार्थांच्या रॅकवरही मांसाहारी रस्से आणि शाकाहारी पदार्थ एकाच फळीवर नकोत. भाज्यांच्या रॅकबद्दल एक लक्षात ठेवावं. न धुतलेली मेथी, कोथिंबीर, बटाटे यांना मातीतले जिवाणू चिकटलेले असतात, तेव्हा त्याही कच्च्या मालातच मोडतात. गोणपाट आणि बाजारातून आलेले पुठ्ठ्याचे खोके दाराबाहेरच रिकामे करावेत आणि माल धुतलेल्या क्रेटमध्ये भरून आत न्यावा.

कुठला रॅक कुठे, याचं उत्तर खोलीतली हवा देते. दार उघडलं की बाहेरची गरम हवा वरच्या बाजूने आत शिरते आणि गार हवा खालून निसटते. त्यामुळे दाराजवळची सगळ्यात वरची फळी ही खोलीतली सगळ्यात उबदार जागा असते. नियमाप्रमाणे शिजलेलं वर ठेवायचं म्हणून कोणी ते नेमकं तिथे ठेवलं, तर गळतीपासून वाचवून उबेच्या हवाली केल्यासारखं होतं. तयार पदार्थांचा रॅक दारापासून लांब हवा. पण अगदी युनिटच्या खालीही नको, कारण युनिटच्या ट्रेची नळी तुंबली की तिथून पाणी टपकतं, आणि लिस्टेरियासारखा जिवाणू अशा थंड ओलाव्यातही वाढतो. कच्च्या भाज्या दाराजवळ चालतात. फॅनसमोर मात्र काहीही रचू नये. तिथे दह्याचे क्रेट छतापर्यंत गेले की हवा पलीकडे पोचत नाही, आणि दारावरचा आकडा ठीक असूनही मागचा कोपरा सात-आठ अंशांवर राहतो.

यावरून तापमानाची नोंद नेमकी कशाची घ्यायची, हा प्रश्न उभा राहतो. एफएसएसएआयच्या अपेक्षेप्रमाणे थंड पदार्थ ५ अंश किंवा त्याखाली आणि गोठवलेले उणे १८ किंवा त्याखाली हवेत. हे पदार्थांचं तापमान झालं. दारावरचा आकडा हवेचा असतो, आणि त्याचा सेन्सर बहुधा युनिटपाशी असतो. दार उघडलं की तो चटकन वर जातो. यंत्राचं डिफ्रॉस्ट दिवसातून ठरावीक वेळा होतं, तेव्हाही वीस-तीस मिनिटं वर जाऊन परत येतो. या चढउतारांत अन्न तेवढं तापत नाही. म्हणून दाराजवळच्या वरच्या फळीवर एक लिटर पाण्याची बंद बाटली कायमची ठेवावी आणि नोंदीच्या वेळी तिच्यात प्रोब घालून तापमान घ्यावं. पाणी हळूहळू तापतं आणि हळूहळू निवतं, साधारण अन्नासारखंच, त्यामुळे बाटलीचा आकडा खोलीचं खरं वागणं सांगतो. उबदार जागी ती ५ च्या आत असेल तर बाकीच्या फळ्यांची चिंता कमी.

प्रोब खरा आहे का, हे दर आठवड्याला बघावं. ग्लासभर बर्फाचा चुरा घ्यावा, फटी भरतील एवढंच पाणी घालावं, ढवळावं आणि प्रोबचं टोक मधोमध, तळाला न टेकवता, दोनेक मिनिटं धरावं. आकडा शून्याच्या एक अंश इकडे-तिकडे आला तर ठीक. उकळत्या पाण्याने तपासणी करायची असेल तर गावाची उंची धरावी लागते. पुण्यात पाणी शंभरला उकळत नाही, ९८ च्या आसपास उकळतं. बर्फाला ही अडचण नाही.

नोंद दिवसातून तीनदा पुरे : सकाळी पहिल्यांदा दार उघडताच, दुपारच्या सर्व्हिसनंतर, आणि रात्री बंद करताना. प्रत्येक वेळी दारावरचा आकडा, बाटलीचा आकडा, आणि कुठल्याही एका पदार्थाच्या मध्यभागाचा आकडा. हा तिसरा आकडा सोडू नये, कारण कोमट टोप पकडणारा तोच आहे. पदार्थ रोज बदलावा आणि सकाळी मुद्दाम आदल्या दिवशी केलेला सगळ्यात मोठा ट्रे निवडावा. शेवटचा रकाना ‘काय केलं’ असा असावा. ५ च्या वरचा आकडा आणि हा रकाना कोरा, अशी ओळ वहीत दिसली तर ती नोंद अपुरी आहे.

वही भरणं सोपं आहे, ती वाचली फारच कमी ठिकाणी जाते. एका आठवड्याचं उदाहरण घेऊ. सोमवार ते शुक्रवार बाटलीचा सकाळचा आकडा ३.०, ३.१, २.९, ३.२, ३.०, आणि दुपारचा ४.८, ५.२, ५.९, ५.४, ६.१ असा आहे. इथे यंत्र निर्दोष आहे. रात्रभर दार बंद असताना ते खोली तीनवर आणतं. बिघाड दुपारच्या वापरात आहे. दार ओढून उघडं ठेवलं जातं, प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा बाजूला अडकवून ठेवला जातो, किंवा पुरवठादाराचं चिकन ऐन जेवणाच्या वेळी नऊ-दहा अंशांवर येऊन तसंच आत जातं. उपाय असे : डिलिव्हरीची वेळ सकाळी आणावी, आलेल्या मालाचं तापमान दारातच तपासून ५ च्या वरचा माल परत करावा, आणि लागणारा माल यादी करून एकदाच बाहेर काढावा.

दुसऱ्या आठवड्यात सकाळचे आकडे ३.०, ३.४, ३.९, ४.३, ४.९ असे आले, तर गोष्ट वेगळी आहे. एकही आकडा ५ च्या वर नाही, म्हणून कोणी काही म्हणणार नाही. पण रोज अर्ध्या अंशाची ही चढ यंत्राची आहे, आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत ती मर्यादा ओलांडणार हे शुक्रवारीच दिसतं आहे. युनिटच्या कॉइलवर बर्फाचा थर साचला असेल, बाहेरचा कंडेन्सर धूळ आणि तेलकट काजळीने भरला असेल, दाराचं रबर फाटलं असेल किंवा गॅस कमी झाला असेल. रबराची परीक्षा घरच्या घरी होते. दारात कागद धरून दार लावावं. कागद सहज ओढून निघाला तर तिथून हवा जाते आहे. मेकॅनिकला बोलावताना वहीतलं ते पान दाखवावं. ‘कूलिंग बरोबर नाही’ या तक्रारीपेक्षा त्याला त्यातून बरंच जास्त कळतं. दुरुस्तीनंतर सकाळचा आकडा सलग तीन दिवस पूर्वीच्या जागी आला, तरच काम झालं असं धरावं.

माल ५ च्या वर सापडला तर काय करायचं, हे आधीच लिहून भिंतीवर लावलेलं हवं. त्या क्षणी ठरवायला गेलं की मालाची किंमत डोळ्यांपुढे येते. ऑस्ट्रेलियात यासाठी सोपा नियम वापरतात. खाण्यास तयार पदार्थ एकूण दोन तासांपेक्षा कमी वेळ ५ च्या वर राहिला असेल तर पुन्हा गार करून ठेवावा. दोन ते चार तास झाले असतील तर लगेच वापरून संपवावा, परत आत ठेवू नये. चार तासांपुढे टाकून द्यावा. ‘एकूण’ या शब्दात सकाळी ओट्यावर राहिलेला अर्धा तासही आला. आणि किती वेळ झाला हे माहीत नसेल, तर शेवटच्या चांगल्या नोंदीपासून वेळ मोजायचा. रात्री ११ नंतर सकाळी ७ लाच नोंद असेल आणि बाटली नऊ अंशांवर असेल, तर मधल्या आठ तासांबद्दल काहीच सांगता येत नाही, आणि तयार पदार्थ टाकावेच लागतात. ज्यांच्याकडे वीज वारंवार जाते त्यांनी म्हणूनच दर दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप नोंद करणारा, बॅटरीवर चालणारा डेटा लॉगर घ्यावा. वीज किती वाजता गेली, खोली पाचच्या वर कधी गेली, हे त्यात दिसतं आणि तीस किलो माल सरसकट फेकायची किंवा सरसकट वापरायची वेळ येत नाही. लॉगर असला तरी पदार्थात प्रोब घालणं सुटत नाही.

वीज गेल्यावर दार उघडायचं नाही. गेल्याची वेळ दारावर चिकटपट्टीवर लिहावी. आल्यावर आधी बाटली, मग शिजलेला भात, डाळ, रस्सा, पनीर, क्रीम, चटण्या या क्रमाने आकडे घ्यावेत. अखंड भाज्या, लोणची, सीलबंद सॉस यांना फारसा धोका नसतो.

प्रत्येक ट्रेवर चिठ्ठी हवी : पदार्थ, केल्याची तारीख आणि वेळ, कधीपर्यंत वापरायचा, आणि करणाऱ्याचं नाव. फूड कोडमध्ये ५ अंशांवर जास्तीत जास्त सात दिवसांची मुभा आहे आणि त्यात करण्याचा दिवस पहिला धरतात. ज्या किचनमध्ये दार दिवसभर उघडतं-मिटतं तिथे रस्से आणि डाळींना तीन दिवसांपुढे ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भाताला एकच दिवस द्यावा.

राहता राहिली खोटी नोंद. सलग पंधरा दिवस ४.०, एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात, आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीही भरलेली ओळ, हे अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाला पान उलटताच दिसतं. अशी वही कोरी असण्यापेक्षा वाईट, कारण तिच्या आधारावर रोज माल वापरला जातो. पण ती भरणाऱ्या मुलाला रागावण्याआधी वही कुठे ठेवली आहे ते बघावं. ती मॅनेजरच्या टेबलावर असेल तर आकडे आठवणीतूनच येणार. वही, पेन आणि प्रोब कोल्ड रूमच्या दाराबाहेर दोरीने बांधून ठेवावेत. प्रत्येक पाळीत नोंदीची जबाबदारी नावानिशी एकाच माणसावर असावी, आणि शेफने रोज सकाळी त्या माणसासमोर आदल्या दिवशीचे तिन्ही आकडे वाचून सही करावी. ६.१ लिहिणाऱ्याला बोलणी बसली, तर दुसऱ्या दिवसापासून वहीत ४.० च दिसेल. म्हणून वाईट आकडा लिहिल्यावर पहिला प्रश्न ‘मग तू काय केलंस?’ हाच असावा, आणि त्याचं उत्तर शेवटच्या रकान्यात त्याच्याच हाताने लिहून घ्यावं.